जाडी दुप्पट, वेळ चौपट

अर्जाच्या फायलीत सगळ्यांत आधी गुणपत्रिका पाहिली जाते, आणि या फायलीतली गुणपत्रिका वाईट आहे. नागपूर विद्यापीठाची मेकॅनिकलची पदवी, प्रवेश २०१५चा, सुटका २०१९ला, सीजीपीए ६.२४. चार विषयांत बॅक. त्यांतला एक एम-थ्री, म्हणजे तिसऱ्या सत्राचे गणित. विंटर २०१६ला राहिला, समर २०१७ला पुन्हा राहिला आणि विंटर २०१७ला एकदाचा निघाला. आपल्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर परीक्षेचा हंगाम आणि वर्ष छापलेले असते. त्यामुळे कोणता विषय किती वेळा दिला, हे सगळ्या गुणपत्रिका ओळीने लावल्या की लपत नाही.

पदवीनंतर हा मुलगा मिहानमध्ये लागला. वर्धा रोडने खापरी ओलांडली की जो सेझचा पसारा लागतो, त्यात आयटी कंपन्यांच्या बरोबरीने विमानांचीही कामे चालतात. बोइंग ७८७च्या फ्लोअर बीम इथे झाल्या, एअर इंडियाच्या विमानांची देखभाल इथे होते, फाल्कन विमानांचे भाग इथे होतात. अशाच कामाच्या एका कारखान्यात, ज्याचे नाव त्याने सांगितले तरी मी लिहिणार नाही, तो गुणवत्ता विभागात होता. २०२४च्या फॉल सत्रासाठी त्याने सात ठिकाणी अर्ज केले, पाच अमेरिकेत आणि दोन जर्मनीत. दोन होकार आले. त्याचे नाव पुसून ही फाईल वाचायची परवानगी त्याने दिली. मेकॅनिकल शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे असे अर्ज पुष्कळ पाहण्यात आले. यातला बराचसा भाग ठरावीक आहे, पण उद्देशपत्राचे दुसरे पान मी हौसेने वाचतो.

आधी गुणपत्रिकेकडेच नीट पाहू. निवड समितीतला प्राध्यापक ६.२४ हा आकडा पाहून थांबत नाही. त्याला आकार दिसतो. पहिली दोन सत्रे साडेपाचच्या आसपास, तिसरे ५.१, चौथे ५.३, मग ६.६, ६.९, ७.४ आणि शेवटचे ७.६. चारही बॅक तिसऱ्या-चौथ्या सत्रातल्या. म्हणजे एक खड्डा आहे आणि त्यापुढे चढ आहे. आठही सत्रांत एखाददुसरी बॅक विखुरलेली असती, तर सरासरी कदाचित हीच आली असती, पण वाचणाऱ्याने वेगळा निष्कर्ष काढला असता. चढ असलेल्या गुणपत्रिकेबद्दल त्याच्या मनात एकच शंका उरते: गणिताचे काय? मटेरियल्सच्या एमएसमध्ये डिफ्युजन, स्ट्रेस, हीट ट्रान्सफर हे सगळे डिफरन्शियल इक्वेशनवर चालते, आणि हा मुलगा नेमका त्यात दोनदा आपटलेला आहे.

या फायलीचे मोठेपण हे की तिने ही शंका ओळखली आणि बाकी कशालाही उत्तर देत बसली नाही. जीआरईत क्वांटला १७०पैकी १६६ आहेत. पुष्कळ मुलांना वाटते, असा आकडा आला की गणिताचा डाग धुतला गेला. तसे होत नाही, कारण जीआरईचे गणित दहावी-बारावीच्या पातळीचे असते. ते येत नाही असा संशय इथे कुणालाच नव्हता. खरे उत्तर परिचयपत्रातल्या एका ओळीत आहे. २०२२ साली, नोकरी सांभाळून, त्याने एनपीटीईएलचा डिफरन्शियल इक्वेशनचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम केला आणि केंद्रावर जाऊन परीक्षा दिली. ७८ गुण, ‘एलिट + सिल्व्हर’. एनपीटीईएलमध्ये पंचवीस टक्के वजन घरी करायच्या असाइनमेंटला आणि पंच्याहत्तर टक्के पर्यवेक्षकासमोर दिलेल्या परीक्षेला असते, म्हणून या प्रमाणपत्राला किंमत आहे. नुसते व्हिडिओ पाहून मिळालेली डझनभर प्रमाणपत्रे त्याने जोडली असती, तर ही ओळ त्यात बुडाली असती. तशी त्याच्याकडे होती. त्याने ती वगळली. वगळण्याची ही समज मुलांमध्ये क्वचित असते.

आता उद्देशपत्र. दोन पानांचे, इंग्रजीत. बॅकचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात नाही आणि शेवटीही नाही. तो दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला येतो आणि पाच वाक्यांत संपतो. मराठीत त्यांचा आशय असा: “तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात मी चार विषयांत नापास झालो, गणितात दोनदा. आजार किंवा घरची अडचण असे कारण नव्हते. मी गणित वाचत होतो, सोडवत नव्हतो. तिसऱ्या वेळी सोडवले. जे तेव्हा केवळ उत्तीर्ण होण्यापुरते शिकलो, त्याची गरज मला चार वर्षांनी कारखान्यात पडली.”

या पाच वाक्यांत विशेषण नाही. ‘दुर्दैवाने’ नाही, ‘काही अपरिहार्य परिस्थितीमुळे’ नाही. हे शेवटचे शब्द मी इतक्या अर्जांत वाचले आहेत की ते दिसले की माझा डोळा पुढच्या ओळीवर सरकतो, आणि समितीचाही सरकत असणार. खरोखर आजारपण असेल, घरी मृत्यू झाला असेल, तर ते लिहावे, तारखेसह लिहावे आणि कागद जोडावा. त्याला समिती मान देते. कारण नसेल तर ते तयार करू नये, कारण गुणपत्रिकेवरचे हंगाम त्या कारणाशी जुळावे लागतात. तिसरे वाक्य मला सगळ्यांत आवडते. दोषाचे निदान एका वाक्यात, आणि निदान असे की त्यावर उपाय आपोआप दिसतो. मी त्याला विचारलेही होते, हे वाक्य सुचले कसे? तो म्हणाला, “सर, सुचलं नाही. खरंच वाचत होतो नुसतं, सोडवत नोतो.” आणि पाचवे वाक्य हा पूल आहे. त्यावरून वाचणारा कबुलीजबाबातून थेट कारखान्यात उतरतो, त्याला वळण जाणवतही नाही.

पुढचा मजकूर नीट कळायला कामाची थोडी माहिती हवी. विमानाचा कार्बन फायबरचा भाग प्रीप्रेगपासून करतात. प्रीप्रेग म्हणजे इपॉक्सी राळ आधीच मुरवलेले कार्बनचे कापड. ते उणे अठरा अंश सेल्सियसला शीतगृहात ठेवतात, नाहीतर राळ आपोआप कडक व्हायला लागते. लागेल तसा रोल बाहेर काढायचा, थर साच्यावर एकावर एक घालायचे, वरून व्हॅक्यूम बॅग लावायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये दाब देऊन भाजायचे. रोल बाहेर काढला की त्याची पिशवी लगेच फोडायची नसते. आतले कापड खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी बंद ठेवायची. गार कापडाला दमट हवा लागली की त्यावर दव धरते. ते पाणी भाजताना वाफ होते, आणि राळेतला दाब त्या वाफेला दाबून ठेवायला कमी पडला, तर भागात बारीक पोकळ्या राहतात. याला पोरॉसिटी म्हणतात. डोळ्यांना ती दिसत नाही. अल्ट्रासाउंडचा सी-स्कॅन काढला की तेवढ्या जागी संकेत क्षीण झालेला दिसतो, आणि तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे क्षीण असेल तर भाग नाकारला जातो.

हा मुलगा सी-स्कॅन पाहायचा. २०२१च्या पावसाळ्यात पोरॉसिटीची प्रकरणे वाढली. कारखान्यातली पहिली शंका ऑटोक्लेव्हवर होती. याने नाकारलेल्या भागांचे अहवाल घेतले आणि ते शीतगृहाच्या नोंदवहीशी एकेक ताडून पाहिले: कोणता भाग कोणत्या रोलचा, तो रोल केव्हा बाहेर काढला, पिशवी केव्हा फोडली. वाईट भाग बहुतेक सकाळच्या पाळीच्या सुरुवातीला फोडलेल्या रोलांचे निघाले, आणि त्यांतही जाड रोलांचे. रात्रपाळीने जाताना रोल काढून ठेवायचे आणि सकाळच्यांनी येऊन फोडायचे, अशी पद्धत होती. बाहेर ठेवायचे तास सगळ्या रोलांना सारखेच होते.

इथे उद्देशपत्रात एक छोटा परिच्छेद येतो, तो असा: “उष्णता रोलच्या आत डिफ्युजनने शिरते. डिफ्युजनच्या समीकरणात अंतराचा वर्ग येतो, म्हणून जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट लागतो. आमचा नियम दोन्ही रोलांना तेवढेच तास देत होता. पातळ रोल तेवढ्यात बाहेरच्या तापमानाला येत होता. जाड रोल आतून गारच असताना उघडला जात होता. हे समीकरण मी एम-थ्रीत दोनदा चुकलो होतो.”

रसिकाने थांबून पाहावे असे हे ठिकाण आहे. शेवटच्या वाक्यात नापासीचा उल्लेख परत आला, पण आता तो वजाबाकीत पडत नाही. ज्या समीकरणात नापास, त्याच समीकरणाने कारखान्यातला प्रश्न सुटला, आणि हे सांगताना ‘मी आता गणितात पक्का झालो’ असे एकदाही म्हटलेले नाही. समीकरण वापरून दाखवले आहे. वाचणारा प्राध्यापक स्वतः डिफ्युजन शिकवणारा असणार. वर्गाचे नाते बरोबर लावलेले पाहून त्याची शंका त्याच्याच हाताने खोडली जाते. शिवाय दावा बेताचा आहे. रोल गोल असतो, कापडाच्या थरांना आडवी आणि उभी उष्णतावाहकता वेगळी, पिशवीबाहेरची हवा थांबलेली, म्हणून ‘चौपट’ हा अंदाज आहे, काटेकोर हिशेब नव्हे. ते त्याने पुढच्या वाक्यात अर्ध्या ओळीत नोंदवलेही आहे.

मग उपाय: रोलच्या जाडीप्रमाणे वेगवेगळे तास, आणि जाड रोलच्या गाभ्यात तापमान मोजायला थर्मोकपल. २०२२च्या पावसाळ्यात प्रकरणे कमी झाली. सामान्य अर्जदार इथे टक्केवारी टाकतो आणि ठळक करतो. याने लिहिले, “प्रकरणे कमी झाली, पण त्याच वर्षी उन्हाळ्यात ऑटोक्लेव्हच्या दाराचे सीलही बदलले होते. दोन्हींपैकी कशाचा वाटा किती, हे मला सांगता येत नाही. ते सांगता यावे म्हणून मला शिकायचे आहे.”

माझ्या मते हे पूर्ण फायलीतले सर्वोत्तम स्थळ. उद्देशपत्र म्हणजे शिकायचे का, याचे उत्तर. बहुतेक जण तिथे विद्यापीठाच्या कीर्तीचे वर्णन करतात. इथे शिकण्याची गरज एका न सुटलेल्या प्रश्नातून आली आहे आणि तो प्रश्न संशोधकाचा आहे: दोन कारणे एकाच वेळी बदलली, तर परिणाम कुणाचा? नोकरीतल्या माणसाला श्रेय घ्यायची घाई असते. श्रेय सोडल्याने या मुलाचा अर्ज वर गेला.

एक व्यवहारातली गोष्टही नोंदवायला हवी. यात कुठेही भागाचा क्रमांक नाही, ग्राहकाचे नाव नाही, नाकारलेल्या भागांची संख्या नाही, राळेचा प्रकार नाही. विमानाच्या कामात गोपनीयतेचे करार कडक असतात आणि अर्जात कारखान्याचे आकडे टाकणारा उमेदवार समितीलाही भरवशाचा वाटत नाही. मजकूर पाठवण्याआधी त्याने तो आपल्या मॅनेजरला वाचायला दिला. त्यामुळे आणखी एक फायदा झाला: मॅनेजरच्या शिफारसपत्रात तीच घटना आली, पण दुसऱ्या बाजूने. मॅनेजरने लिहिले की सकाळच्या पाळीला एक तयार साचा थांबवायला या मुलाने लावले आणि त्यावरून उत्पादनवाल्यांशी वाद झाला. उद्देशपत्रात हा वाद नाही. दोन कागद एकमेकांना दुजोरा देतात, पण एक दुसऱ्याची नक्कल नाही. मुले स्वतःच पत्रे लिहून सरांच्या सहीला नेतात तेव्हा तिन्ही पत्रांत तीच शैली, तीच क्रियाविशेषणे येतात, आणि ते लगेच ओळखू येते.

दुसरे पत्र कॉलेजातल्या प्रोजेक्ट गाइडचे. अमेरिकेच्या अर्जात विद्यार्थी सहसा पत्र पाहण्याचा हक्क सोडून देतो, त्यामुळे त्याने ते पाहिलेले नाही. गाइड माझे जुने सहकारी, त्यांनी मला दाखवले. त्याची सुरुवात अशी की हा विद्यार्थी चौथ्या सत्रात माझ्याच विषयात नापास झाला होता, आणि सातव्या सत्रात प्रोजेक्टसाठी मी त्याला घ्यायला कां कू केली होती. मग त्यांनी मन का बदलले ते येते. पोर्टलवर एक चौकट असते: वर्गातल्या वरच्या पाच टक्क्यांत, दहात, पंचवीसात? आपल्याकडे सगळे सर बिनधास्त पहिल्या चौकटीवर खूण करतात. ६.२४वाल्याला ‘वरचे पाच टक्के’ म्हटले, की गुणपत्रिका आणि पत्र यांपैकी एक खोटे ठरते, आणि गुणपत्रिका तर विद्यापीठाची. या सरांनी एकूण क्षमतेला पंचवीसची खूण केली आणि चिकाटीला पाचची. त्या पहिल्या खुणेमुळे दुसरीवर विश्वास बसतो.

आता मर्यादा, कारण फाईल कितीही चांगली असली तरी काही दारांवर ती उघडलीच जात नाही. जर्मनीच्या दोन्ही विद्यापीठांनी नकार दिला. तिथे बहुतेक ठिकाणी आपले गुण एका सूत्राने जर्मन श्रेणीत बदलतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. कमाल १०, किमान ४ धरले तर ६.२४चे होतात २.८८. जर्मन श्रेणीत आकडा जितका लहान तितका चांगला, आणि अनेक अभ्यासक्रमांची रेषा २.५वर असते, त्यासाठी सीजीपीए बरोबर ७ लागतो. या मुलाच्या शेवटच्या दोन वर्षांची सरासरी ७.१ आहे, म्हणजे नुसती तेवढीच धरली असती तर २.४५ येऊन तो रेषेच्या आत बसला असता. पण सूत्र आठही सत्रे धरते. उद्देशपत्र, मिहान, एनपीटीईएल, काही म्हणता काही मोजले गेले नाही. अशा ठिकाणी अर्ज करण्याआधीच हा हिशेब करावा, आणि किमान उत्तीर्ण गुण म्हणून नेमका कोणता आकडा धरला जाईल ते गुणपत्रिकेच्या मागे छापलेल्या तक्त्यात पाहावे. तिथे चारच्या जागी पाच असेल तर तेच गुण ३.२६ होतात. २०२२च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन व्हिसासाठी एपीएसचा दाखलाही लागतो. त्यासाठी सगळी कागदपत्रे तपासली जातात, तेव्हा नापासाच्या गुणपत्रिका बाजूला ठेवायचा विचार करणाऱ्याने तो सोडावा. तसे करणे ही फसवणूक आहे, आणि कुठेही करू नये.

अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे, पण तितकी मोकळीही नाही. पुष्कळ विद्यापीठांच्या ग्रॅज्युएट स्कूलची ४पैकी ३ ही किमान अट असते. मात्र काही ठिकाणी ती पूर्ण पदवीला लागू होत नाही. सिॲटलचे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन शेवटच्या ६० सत्र-क्रेडिटची सरासरी पाहते. खड्डा आधी आणि चढ नंतर असलेल्या गुणपत्रिकेला अशी अट जीवदान देते. काही ठिकाणी विभागाला विद्यार्थी हवाच असेल तर तो वरच्या कार्यालयाकडे अपवादासाठी लेखी शब्द टाकतो. म्हणजे संकेतस्थळावर ‘किमान’ लिहिले आहे की ‘शिफारस’, आणि अपवादाची वाट आहे की नाही, हे वाचण्यात जो वेळ जातो तो वाया जात नाही. या मुलाने विभागाच्या समन्वयकाला तीन ओळींची ईमेल केली होती: गुण इतके, शेवटच्या दोन वर्षांचे इतके, अर्ज पाहिला जाईल का? एका ठिकाणाहून ‘नाही’ आले, त्याची अर्जाची फी वाचली. आणखी एक: जिथे मूळ मोजपट्टीत गुण भरायला सांगतात तिथे ६.२४ तसेच भरावे. मनाने चारच्या पट्टीत बदलून २.५ लिहिणारे स्वतःवर स्वतःच अन्याय करतात, कारण ते रूपांतर तसे सरळ होतच नाही.

फायलीत दोषही आहेत. उद्देशपत्राचा पहिला परिच्छेद काढून टाकावा असा आहे. लहानपणी सोनेगाव विमानतळाच्या कुंपणाशी उभे राहून विमाने पाहायचो, वगैरे. नागपूरच्या प्रत्येक एरोस्पेसवाल्या अर्जात हे कुंपण असते, आणि ते वाचून कुणाला प्रवेश मिळाल्याचे मी ऐकलेले नाही. दुसऱ्या पानावरचा रोल पहिल्या ओळीत आला असता तर किती बरे झाले असते! प्राध्यापकांची नावे घेणारा परिच्छेदही वरवरचा आहे. तीन नावे आणि तीन प्रयोगशाळा, पण कुणाचा एखादा शोधनिबंध वाचून काय पटले आणि काय पटले नाही, यावर एक वाक्य नाही. दुसऱ्या पानावर इतके बारकाईने लिहिणाऱ्या माणसाला इथे झोप लागली असावी.

मार्चमध्ये पहिला होकार आला तो सशर्त. पहिल्या सत्रात उपयोजित गणिताचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घ्यायचा आणि त्यात किमान बी श्रेणी मिळवायची, नाहीतर प्रवेश पुढे चालणार नाही. दुसरा होकार बिनशर्त होता, विद्यापीठाचे नावही मोठे. मनीषनगरात त्याच्या घरी सगळ्यांचे मत दुसऱ्याच्या बाजूने, आणि आजोबांना तर ‘सशर्त’ हा अपमानच वाटला. त्याने सशर्त प्रवेश घेतला. अट बरोबर जागी घातली आहे, म्हणजे त्यांनी फाईल वाचली आहे, असे त्याचे म्हणणे. आणि त्या विभागात स्वतःचा ऑटोक्लेव्ह होता, दुसरीकडे नव्हता.